न्हाण्याचा वार

खानेसुमारीला आपल्याकडे ‘शिरगणती’ असा एक जुना, भारदस्त शब्द आहे. माणसे मोजायची ती डोक्यांवरून. सरकारी माणूस आमच्या दारी आला की त्याच्या वहीत चार-पाच शिरे जमा होतात आणि तो पुढच्या दाराची घंटा वाजवतो. त्या शिरांवर काय उगवले आहे, ते तेलकट आहे की कोरडे, दाट आहे की विरळ, याची नोंद करण्याचा रकाना त्याच्या वहीत नसतो. ती नोंद घरातल्या न्हाणीघराला ठेवावी लागते. आमच्या न्हाणीघराने गेल्या वर्षी ती ठेवली, आणि तीतून मला जे कळले ते व्याकरणाच्या कोणत्याही नियमापेक्षा अधिक उपयोगाचे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही राहतो राहनाळला. अंजूरफाट्यावर उतरलात की कोणीही वाट दाखवील. एके काळी इथे भातशेती होती. आता जिकडे पाहावे तिकडे गोदामे आणि त्यांच्या मधून मुंगीच्या पावलाने सरकणारे ट्रक. पलीकडे भिवंडी, म्हणजे यंत्रमाग आणि हवेत तरंगणारे कापसाचे तंतू. शिवाय खाडी जवळ, त्यामुळे हवा दमट. एप्रिल-मे तर विचारूच नका; पण आश्विनातले ऊन त्याहून चिवट. घाम येतो, तो वाळत नाही. त्यावर धूळ बसते, ती उडत नाही. अशा गावी माणसाने डोके किती दिवसांनी धुवावे, हा प्रश्न सोपा नव्हे.

आमच्या घरात त्यावर चार मते होती, कारण घरात चार डोकी आहेत. माझे मी मोजलेले नाही. त्यावर धुण्यासारखे फार थोडे उरले आहे, आणि ते मी रोज अंगाबरोबरच धुऊन टाकतो.

पहिले डोके आईचे. वय बहात्तर, केस पांढरे, पातळ आणि मऊ. तिचा न्हाण्याचा वार रविवार, आणि तो वार तिने लग्न झाल्यापासून मोडलेला नाही. दुसरे डोके आमच्या सौभाग्यवतींचे. केस दाट, लांब आणि लाटांचे. ठाण्याला नोकरी, त्यामुळे न्हाणे बुधवारी व रविवारी. तिसरे डोके माझ्या भाच्याचे. तो इथल्याच एका गोदामात कामाला आहे, आमच्याकडे राहतो, रोज हेल्मेट घालून फटफटीवरून जातो आणि रोज अंगाच्याच साबणाने डोके खसाखसा चोळतो. चौथे डोके आमच्या कन्येचे. वय अठरा, केस सरळ, बारीक, कमरेपर्यंत आलेले. भांडण या चौथ्या डोक्यावरून सुरू झाले.

मराठीचा मास्तर असल्यामुळे एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ‘आंघोळ’ आणि ‘न्हाणे’ यांत आपल्या बायकांनी फार स्पष्ट भेद केला आहे. आंघोळ रोजची, न्हाणे म्हणजे केस धुणे, आणि ते वाराने. “आज न्हायलेय” असे एखादीने म्हटले की दुसरीला सारे समजते. केस मोकळे का, ऊन शोधत गच्चीवर का गेली, स्वयंपाकाला उशीर का झाला, सारे. विहिरीचे पाणी शेंदायचे, बंब पेटवायचा, शिकेकाई कुटून उकळायची, गुडघ्यापर्यंतचे केस सुकवायचे, एवढा खटाटोप होता तेव्हा न्हाण्याला वार हवाच होता. म्हणजे तो वार ठरवला होता पाण्याने, सरपणाने आणि सवडीने. डोक्याला कोणी विचारले नव्हते. पुढे नळ आला, पुडीतला शांपू आला; वार मात्र तसाच राहिला, आणि सवयीने तो शास्त्र होऊन बसला.

आता गेल्या वर्षीची हकीकत. आषाढात कन्येला विषमज्वर झाला. तीन आठवडे अंथरुणाला खिळली होती. श्रावणात बरी झाली, भाद्रपदात कॉलेजला जाऊ लागली आणि आश्विन लागता लागता तिचे केस गळू लागले. उशीवर केस, फणीत केस, आणि न्हाल्यावर मोरीच्या जाळीवर तर उंदराएवढा पुंजका. पोरगी घाबरली. बोलली काही नाही, पण तिने धुणे लांबवले. दर दोन दिवसांनी न्हाणारी मुलगी चार-चार, पाच-पाच दिवस डोक्याला पाणी लावीना.

आईला हे पसंत पडले. “मी केव्हाची सांगतेय, त्या शांपूनं मुळं सैल होतात. आठवड्यातून एकदा न्हावं आणि रात्री तेल जिरवावं.” झाले! रोज रात्री आजी नातीच्या डोक्यात पळीभर खोबरेल जिरवू लागली. पंधरा दिवसांत डोके खाजू लागले, खांद्यावर पिवळसर कोंडा पडू लागला आणि कपाळावर केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्यांची रांग उठली. केस गळायचे ते गळतच होते. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, तिला रोज धुऊ दे, ती घाणीनं बेजार झालीय.” आई म्हणाली, “रोज धुवून टक्कल पडेल.” कन्या खोलीचे दार लावून बसली. मैत्रिणीच्या बहिणीचे लग्न होते, तिथेही गेली नाही. दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते.

शेवटी तिला ठाण्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न शांपूचा विचारला नाही. त्या म्हणाल्या, “तीन महिन्यांत मोठा ताप आला होता का?”

त्यांनी आम्हाला जे समजावले ते असे. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतले बहुतेक वाढत असतात; शंभरातले दहाएक वाढ थांबवून विश्रांतीला बसलेले असतात. विश्रांती दोन-तीन महिन्यांची. ती संपली की तो केस गळतो आणि त्याच जागी नवा उगवतो. म्हणून धडधाकट माणसाचेही दिवसाला पन्नास ते शंभर केस जातातच. विषमज्वर, डेंग्यू, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया असा धक्का शरीराला बसला की वाढीला लागलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी सारे एकदम गळतात. तोवर ताप विसरला गेलेला असतो. मग दोष येतो हाताशी असलेल्या शांपूवर, पाण्यावर किंवा सुनेवर. मुळे शाबूत असतात. तीन ते सहा महिन्यांत गळती आपोआप थांबते. बाईंनी रक्तातले लोह आणि गलग्रंथी तपासून घेतली, आणि धुण्याबद्दल एवढेच सांगितले, “डोकं खराब झालं की धुवायचं. मोजून पाहा, फरक पडत नाही.”

कन्या संख्याशास्त्र शिकते. तिने ‘मोजून पाहा’ हे शब्द अक्षरशः घेतले. बारा दिवस तिने दर चौथ्या दिवशी केस धुतले आणि फणीतले व मोरीतले सारे केस लिफाफ्यात जमवून मोजले. पहिल्या चार दिवसांचे 610 भरले, दुसऱ्या चारांचे 590, तिसऱ्यांचे 620. पुढचे बारा दिवस ती एक दिवसाआड न्हाली. त्या सहा लिफाफ्यांत प्रत्येकी तीनशेच्या आगेमागे केस निघाले. बेरीज पहिल्या खेपेला 1820, दुसऱ्या खेपेला 1800. म्हणजे धुण्याने केस गळत नव्हते. गळायला निघालेले केस धुताना निसटत होते. चार दिवस थांबले की ते डोक्यातच अडकून राहत आणि एकदम पुंजका होऊन हाती येत. पुंजका मोठा दिसला की भीती मोठी, भीती मोठी झाली की धुणे आणखी लांब, आणि धुणे लांबले की पुढचा पुंजका आणखी मोठा. या चक्रात किती मुली सापडत असतील, कोणास ठाऊक!

एक खूण बाईंनी सांगितली, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. गळलेला केस उजेडात धरावा. टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्याहूनही बारीक गोळा असला तर तो केस मुळातून, आपले आयुष्य संपवून गळलेला आहे. गोळा नसला आणि केस आखूड असला तर तो मध्येच तुटलेला आहे. तिथे दोष ओल्या केसांत जोराने फणी घालण्याचा, घट्ट वेणीचा किंवा तापलेल्या यंत्राचा. पहिल्याला वाट पाहावी लागते, दुसऱ्याला हात हलका करावा लागतो.

मग डोके धुवायचे तरी किती दिवसांनी? याचे उत्तर केसांत नसून केसांखालच्या त्वचेत आहे. प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची एक बारीक पिशवी असते. ती किती तेल सोडणार हे ठरते वयावर आणि शरीरातल्या अंतःस्रावांवर. लहान मुलांत ती जवळजवळ झोपलेली असते, वयात येताना खडबडून जागी होते, आणि म्हातारपणी, विशेषतः बायकांत, पुन्हा पेंगू लागते. जास्त धुतले तर जास्त तेल सुटते, हा समज आमच्या भागात सुशिक्षितांतही आहे. पण त्या पिशवीला आपण न्हालो की नाही ही बातमी पोचतच नाही. धुतलेल्या डोक्यावर तेल ठळकपणे जाणवते, एवढाच त्याचा अर्थ. दमट उन्हाळ्यात मात्र हे तेल पातळ होऊन भराभर पसरते आणि घामाशी मिसळते.

केसांची जात कामी येते ती पुढे. सरळ, बारीक केसांवरून हे तेल घसरगुंडीवरून घसरावे तसे खाली उतरते. म्हणून असे डोके दुसऱ्याच दिवशी चिपकू दिसते. कुरळ्या केसांत त्याला वळणे घेत जावे लागते, आणि ते शेंड्यांपर्यंत पोचतच नाही. मूळ तेलकट, शेंडे कोरडे, अशी त्यांची अवस्था. शिवाय केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेशी आलेला शेंडा चार-पाच वर्षांचा जुना असतो. जुने रेशमी पातळ आणि रोजचा पंचा एकाच हाताने आपण आपटत नाही, तसेच हे.

डोक्यालाच विचारायची एक युक्ती आम्ही घरात वापरली. वडापाव ज्या कागदात बांधून येतो तो कागद तुम्ही पाहिला असेल. तेल लागेल तिथे कागद आरपार दिसू लागतो. तसाच एक पातळ, कोरा कागद रोज सकाळी माथ्यावर भांगाशी आणि कानामागे दहा अंक मोजेपर्यंत दाबून धरायचा, आणि मग खिडकीच्या उजेडात पाहायचा. अट एकच : वरून तेल लावलेले नसावे. रविवारी सगळ्यांनी डोकी धुतली आणि सोमवारपासून कागद सुरू केले.

कन्येचा सोमवारचा कागद कोरा होता. मंगळवारी पुसटसा डाग आला. बुधवारी रुपयाएवढा डाग, आणि डोक्याला खाज. म्हणजे तिचे न्हाणे एक दिवसाआड. पुसट डाग दिसतो त्या दिवशी, खाज सुटण्याची वाट न पाहता. सौभाग्यवतींचा कागद बुधवारी पुसट आणि गुरुवारी स्पष्ट झाला. त्यांचे बुधवार-रविवार बरोबर निघाले, फक्त मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात मध्ये एक दिवस वाढवावा लागला. भाच्याचा कागद सोमवारी संध्याकाळी, कामावरून आल्यावरच, डागाळलेला होता, आणि वर करड्या धुळीचा ठसा. आईचा कागद सोमवार गेला, गुरुवार गेला, शनिवार उजाडला तरी कोरा!

आईने तो कागद मला चष्म्यासमोर धरून दाखवला. “मी काय म्हणत होते? आठवड्यातून एकदा पुरे!” आणि ते खरेच होते, तिच्या डोक्यापुरते. तिकडे कन्याही आपल्या डोक्यापुरती खरी होती. चाळीस वर्षे एका छपराखाली नांदलेला नियम खोटा नव्हता. तो बहात्तर वर्षांच्या डोक्याचा होता आणि अठरा वर्षांच्या डोक्यावर घातला जात होता. आईचे नवे पातळ कोणी नातीला नेसवत नाही, कारण दिसायला विसंगत दिसते. न्हाण्याचा वार मात्र सर्रास नेसवला जातो.

आता भाच्याचे. तो रोज डोके धूत असूनही त्याच्या डोक्यात कोंडा होता. कारण साबण. अंगाचा साबण अल्कधर्मी असतो, आणि डोक्याची त्वचा किंचित आम्ल. त्यातून आमच्या इमारतीला विंधणविहिरीचे जड पाणी. त्या पाण्यातला चुना साबणाशी मिळाला की पांढरट, चिकट साय बनते. ती बादलीच्या कडेला दिसते, तशीच केसांवरही बसते. शांपूची तशी साय होत नाही. नुसत्या पाण्याने घामाचे मीठ निघते, पण तेल निघत नाही. म्हणून त्याला रोज सौम्य शांपू, थोडासा, आणि हेल्मेटच्या आतले अस्तर दर आठवड्याला धुणे, असे ठरले.

कोंड्याचे मूळ तेलात आहे, कोरडेपणात नाही, हेही तेव्हा कळले. डोक्यावर मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट सर्वांच्याच असते. ते त्वचेच्या तेलावर जगते, आणि ते तेल खाऊन जे उरते त्याने काहींची कातडी चिडते आणि भराभर पापुद्रे टाकते. त्यावर वरून खोबरेल जिरवणे म्हणजे उंदीर झाले म्हणून कोठारात धान्य वाढवणे! ओळखायचे असे : पापुद्रे मोठे, पिवळसर, चिकट असतील तर कोंडा, बारीक, पिठासारखे, कोरडे असतील आणि खाली त्वचा ताणलेली वाटत असेल तर रुक्षपणा. रुक्षपणाला धुणे कमी करावे, कोंड्याला वाढवावे. भाच्याला आणि कन्येला बाईंनी दोन टक्के किटोकोनाझोलचा शांपू आठवड्यातून दोनदा, फेस तीन ते पाच मिनिटे डोक्यावर ठेवून, चार आठवडे वापरायला सांगितला. मात्र डोक्यावर नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडले, पू झाला, चंदेरी जाड खपल्या धरल्या किंवा लहान मुलाच्या डोक्यात गोल चट्टा पडून केस तुटू लागले, तर घरी कागद दाबत बसू नये, डॉक्टर गाठावा.

रोज धुण्याने केसांची हानी होते का, याचा अभ्यासही झाला आहे. आशियातल्या लोकांवर केलेला असा एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात वरचेवर धुणाऱ्यांच्या केसांना मोजण्याइतकी इजा आढळली नाही, आणि आठवड्यातून पाच-सहा वेळा धुणारे आपल्या केसांवर सर्वांत खूश दिसले. तो शांपू विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांचा होता, हेही सांगितले पाहिजे. कुंभार आपल्या मडक्याला कच्चे म्हणत नाही. म्हणून मी त्यातून एवढेच घेतो की तेलकट डोक्याने धुण्याला भिऊ नये. आईने रोज धुवावे, असा त्याचा अर्थ नव्हे. रंगवलेल्या किंवा कुरळ्या, कोरड्या केसांनीही आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे मानावे. मधल्या दिवशी घाम आला तर नुसते पाणी ओतावे.

किती वेळा, याच्याइतकेच कसे, हेही महत्त्वाचे. आमच्या घरी आता रीत अशी आहे. आधी केस मिनिटभर पाण्याने पुरते भिजवायचे. एक पुडी शांपू तांब्याभर नव्हे, वाटीभर पाण्यात मिसळायचा आणि भांग पाडून चार-पाच ठिकाणी थेट त्वचेला लावायचा. नखे लावायची नाहीत. बोटांच्या पेरांनी मिनिटभर चोळायचे. शेंड्यांना वेगळा शांपू नको. वरून ओघळणारा फेस त्यांना पुष्कळ होतो. मग पाणी हात आखडता न घेता ओतायचे. टँकरच्या गावात हे सांगणे जिवावर येते, पण अर्धवट धुतलेला शांपू दुसऱ्या दिवशी कोंड्यासारखाच दिसतो. केस मऊ करणारे कंडिशनर लावायचे असेल तर कानांच्या खाली, मुळाशी नाही. आणि पावसाळ्यात ओल्या केसांचा अंबाडा घालून झोपायचे नाही, पंख्याखाली वाळवायचे. त्या कुबट वासावर उपाय अत्तर नसून पंखा आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग आजीचे खोबरेल वाया गेले काय? मुळीच नाही. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेत आरती रेळे आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. तो निबंध 2003 साली प्रसिद्ध झाला. केस धुताना त्यातले प्रथिन झिजते. ती झीज तिघांपैकी एकट्या खोबरेलाने कमी केली, कारण ते केसाच्या आत शिरते. खोबरेल विकणाऱ्या घरचाच हा प्रयोग, पण इथे मडके खणखणीत निघाले. तेव्हा आजीचे तेल बरोबर होते. लावायची जागा आणि वेळ तेवढी बदलायची होती. तेल केसांना, न्हाण्याच्या आधी. आणि शांपू त्वचेला. तेलकट डोक्याने रात्रभर जिरवण्याच्या भानगडीत पडू नये.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आपल्या पूर्वजांनी नेमके हेच केले आहे. आधी तेल, मग न्हाणे. नरकचतुर्दशीला पहाटे उठून दोन चमचे कोमट खोबरेल केसांच्या लांबीला, शेंड्यांकडून वर, लावा. अर्धा तास पुरे. मग तेलावरच पातळ केलेला शांपू किंवा शिकेकाईचे गाळलेले पाणी लावा आणि नंतर पाणी घ्या. आधी पाणी ओतले तर तेल सुटत नाही. त्या दिवशी दोन वेळा फेस करावा लागेल, एरवी एक पुरतो. शिकेकाईची पूड गाळल्याशिवाय वापरू नये, आणि उटणे अंगाचे आहे, ते डोक्यात चोळू नये. त्याची कणी केसांत अडकली की भाऊबीजेपर्यंत निघत नाही. रिठे घ्याल तर डोळे मिटा!

गेल्या नरकचतुर्दशीला आजीने नातीला असेच न्हाऊ घातले. तेव्हा गळती जोरात होती, मोरीच्या जाळीवर पुंजका आला, पण कोणी दचकले नाही. कन्येने तो लिफाफ्यात घालून मोजला. पौषात लिफाफे हलके होऊ लागले, आणि माघात तिने मोजणे सोडून दिले. आता तिच्या कपाळाच्या कडेने चार बोटे लांबीचे नवे केस आले आहेत. ते वेणीत बसत नाहीत, क्लिपेला दाद देत नाहीत, आरशात पाहावे तेव्हा ताठ उभे असतात. तिची सध्याची तक्रार त्यांच्याबद्दल आहे. आजी म्हणते, “त्यांना जरा तेल लाव म्हणजे बसतील.” आणि नात म्हणते, “आजी, उद्या लाव. उद्या माझा न्हाण्याचा वार आहे.”